हजहून परतणाऱ्या नातेवाइकांना अरबीत आणि उर्दूत काय म्हणावं, आणि उलट काय ऐकू येतं

प्रश्न: माझे मामू, मुमानी आणि त्यांची इजिप्तची सून असे तिघं पुढच्या आठवड्यात हज करून परत येतायत. मी घरात मराठीच बोलते. मामूंना उर्दू आवडतं आणि भाभीला तर अरबीच जवळची. नुसतं "हज मुबारक" पुरतं का? अरबीत काय म्हणायचं? आणि ते काही बोलले तर मी उलट काय बोलू?

उत्तर: उर्दूत "हज मुबारक" पुरतं, अरबीत पुरत नाही. अरबीत "हज्ज मबरूर" म्हणायचं. मुबारक आणि मबरूर हे शब्द कानाला भावंडं वाटतात, पण त्यांचं मूळ एक नाही. बावीस वर्षं उर्दू आणि अरबी शिकवतोय, त्यात सगळ्यात जास्त गोंधळ मी याच जागी पाहिलाय.

मुबारक हा शब्द बरकतीच्या कुळातला आहे. एखादी गोष्ट लाभो, तिच्यात बरकत येवो, असा त्याचा भाव. मबरूर आला 'बिर्र' वरून, म्हणजे सचोटी, नेकी, चांगुलपणा. ज्या हजमध्ये खोट राहिली नाही आणि जो देवाच्या दरबारी रुजू झाला, तो 'हज्ज मबरूर'. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत वचन आहे की मबरूर हजचं फळ जन्नतपेक्षा कमी नाही. त्यामुळे हाजीला "हज्ज मबरूर" म्हणणं म्हणजे अभिनंदन करणं नव्हे, ती दुआ आहे. हज कबूल झाला की नाही हे माणसाला कळत नाही, म्हणून "तुमचा हज कबूल झाला" असं कोणी ठामपणे म्हणत नाही. "कबूल होवो" म्हणतात. स्वागताची जवळजवळ सगळी वाक्यं या 'होवो'वर उभी आहेत.

यात तिसरं भावंड येऊन मिसळतं ते म्हणजे 'मबरूक'. हा बोलीतल्या अरबीचा अभिनंदनाचा शब्द. लग्न ठरलं, परीक्षा पास झाली, नवं घर घेतलं की "मबरूक!" हजहून आलेल्याला तो म्हटलात तर कोणी रागावणार नाही, समोरचा हसून "अल्लाह यिबारिक फ़ीक" म्हणेल. पण आपण हजबद्दल बोललो की नव्या गाडीबद्दल, हे त्या शब्दावरून कळत नाही. म्हणून शेवटचं अक्षर सांभाळा: हजसाठी रूर, गाडीसाठी रूक.

आता पूर्ण वाक्य बघू. रूढ वाक्याचे तीन तुकडे आहेत: "हज्ज मबरूर, व सअय मशकूर, व ज़ंब मग़फ़ूर." तिन्ही एका मापाचे आणि शेवटी एकाच यमकाचे, त्यामुळे दोनदा म्हटलं की जिभेवर बसतं. अर्थ असा: हज रुजू झालेला, कष्टांची कदर झालेली, पाप माफ झालेलं. मधला 'सअय' ऐकून पुष्कळांना सफा आणि मरवा या टेकड्यांमधल्या सात फेऱ्या आठवतात. त्यांनाही सअय (उर्दूत सई) म्हणतात, हे खरंच. पण इथे तो शब्द 'धडपड, प्रयत्न' एवढ्या मोकळ्या अर्थानं आलाय. 'मशकूर' ठरलेल्या सअयचा उल्लेख कुरआनमध्ये 17व्या सूरेच्या 19व्या आयतीत आणि 76व्या सूरेच्या 22व्या आयतीत आहे, आणि तिथे त्या फेऱ्यांचा संबंध नाही.

कधी कोणी हेच "हज्जन मबरूरा, व सअयन मशकूरा, व ज़ंबन मग़फ़ूरा" असं म्हणताना ऐकाल. चूक कोणाचीच नाही. या रूपात आधी "अल्लाहुम्मज्अल्हु", म्हणजे "देवा, याला असं कर", हे गृहीत धरलेलं असतं, म्हणून शब्द कर्माच्या विभक्तीत जातात. रोजच्या बोलण्यात विभक्तीची शेपटं गळून जातात आणि "हज्ज मबरूर" एवढंच उरतं. तुम्ही तेच म्हणा. "हज्जुन मबरूरुन" असं सगळी शेपटं लावून दारात म्हटलं तर व्याकरणाच्या पुस्तकातून वाचल्यासारखं वाटतं.

उच्चाराचं थोडक्यात सांगतो. 'हज्ज'मधला ह घशातून, काचेवर फुंकर मारून वाफ आणतो तसा येतो. मराठी ह काढलात तरी समजतं. 'सअय'मध्ये मधला अ किंचित अडखळवा. 'ज़ंब' लिहिताना अरबीत न आहे, पण पुढे ब आल्यामुळे काळजीपूर्वक बोलणारा तो म सारखा उच्चारतो. आपल्याला हे शिकवावं लागत नाही, 'आंबा' म्हणताना आपला अनुस्वार हेच करतो. खरा धोका 'मग़फ़ूर'मध्ये आहे. माझ्या एका विद्यार्थ्यानं आपल्या फुफांना भर बैठकीत "हज मबरूर आणि मगरूर" अशा शुभेच्छा दिल्या होत्या. फुफा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "बेटा, वही तो नहीं होना चाहिए." तेव्हापासून मी वर्गात आधी फ फळ्यावर लिहितो आणि मग बाकीचा शब्द.

उर्दू बोलणारे हेच तीन तुकडे लिहितात, पण त्यांच्या कानात त्यातल्या दोन शब्दांना वेगळा वास येतो. उर्दूत 'मशकूर' म्हणजे आभारी: "मैं आपका मशकूर हूँ." आणि 'मग़फ़ूर' हा शब्द गेलेल्या माणसाच्या नावाला चिकटतो: 'मरहूम ओ मग़फ़ूर'. म्हणून उर्दूत हे शब्द सुटे वापरू नका. अख्खं अरबी वाक्य म्हणा, नाहीतर सरळ उर्दूत बोला. मामूंना नुसतं "मग़फ़ूर" म्हणण्याचा प्रसंग स्वतःवर आणू नका.

दारात मात्र पहिलं वाक्य हजचं नसतं. आधी सलाम होतो. येणाऱ्यानं आधी म्हणावं असा शिरस्ता असला तरी जो आधी बोलेल तो बोलेल. दुसऱ्यानं "व अलैकुमुस्सलाम" म्हणायचं. त्यानंतर सुखरूप पोचल्याचं बोलणं. अरबीत त्यासाठी "अल्हम्दु लिल्लाहि अलस्सलामा", म्हणजे सुखरूप आलात, देवाचे आभार. इजिप्तच्या बोलीत ते आखडून "हम्दिल्ला अस्सलामा" होतं. याचं उत्तर ठरलेलं आहे: "अल्लाह यिसल्लिमक", देव तुला सुखरूप ठेवो. इथे एक गंमत बघा. प्रश्नात 'सलामा' आणि उत्तरात 'यिसल्लिम', दोन्ही स, ल, म याच धातूचे. मबरूक म्हटलं की 'यिबारिक'नं उत्तर, सलामा म्हटलं की 'यिसल्लिम'नं. समोरच्यानं दिलेल्या शब्दातूनच उत्तर काढून त्याला परत द्यायचं, ही अरबीची सवय. ती ओळखलीत की अर्धी उत्तरं पाठ न करता सुचतात.

शेवटचा 'क' कोणाला उद्देशून आहे त्याप्रमाणे बदलतो, आणि मराठी माणूस इथे हमखास चुकतो, कारण आपलं 'तुला' स्त्री-पुरुष बघत नाही. पुरुषाला 'यिसल्लिमक', स्त्रीला 'यिसल्लिमिक', अनेकांना 'यिसल्लिमकुम'. आधी दीर्घ ई असेल तर स्त्रीसाठी 'की' लागतो, म्हणून "अल्लाह यिबारिक फ़ीक" हे पुरुषाला आणि "अल्लाह यिबारिक फ़ीकी" हे बाईला. भाभी तुम्हाला 'फ़ीकी' म्हणाली तर मराठी कानानं मनाला लावून घेऊ नका.

हजच्या दुआला हाजी जे उत्तर देतो त्यातलं सगळ्यात गोड मला 'उक़्बालक' वाटतं. 'उक़्बा' म्हणजे पुढे येणारं, शेवटी मिळणारं. "उक़्बालक" म्हणजे पुढची पाळी तुझी असो. इजिप्तमध्ये क़ घशात गिळतात, त्यामुळे ते "उ'बालक", आणि बाईला "उ'बालिक" असं ऐकू येतं. लग्नघरात अविवाहितांना हेच म्हणतात, म्हणून हजच्या दिवशी ते ऐकून दचकू नका. यावर तुम्ही "आमीन, या रब" म्हणायचं. ज्याला हे आठवत नाही त्यानं नुसतं "आमीन" म्हटलं तरी ते कुठेच चुकत नाही.

अजून एक जुनी दुआ सांगतो, कारण ती वडीलधाऱ्यांना फार आवडते: "क़बिलल्लाहु हज्जक, व ग़फ़र ज़ंबक, व अख़्लफ़ नफ़क़तक." देवानं तुमचा हज कबूल करावा, पाप माफ करावं आणि झालेला खर्च भरून द्यावा. मुमानींना म्हणताना तिन्ही ठिकाणी 'क'चा 'कि' करा: हज्जकि, ज़ंबकि, नफ़क़तकि. ही दुआ प्रेषितांपर्यंत नेणारी परंपरा अभ्यासक कमकुवत मानतात, तेव्हा सुन्नत म्हणून तिचा आग्रह धरू नये. दुआ म्हणून तिला कोणाची हरकत नाही. खर्चाचाही विचार करणारी दुआ मला तरी फार माणसातली वाटते.

उर्दूकडे येऊ. मामूंना "हज मुबारक हो, मामूजान" म्हणा. त्याचं उत्तर बहुधा "ख़ैर मुबारक" येतं. इथे एक साधी चूक होते. ईदच्या सवयीनं माणूस "आपको भी मुबारक" म्हणून टाकतो. ईद दोघांची असते, हज एकाचाच असतो. हजला न गेलेल्याला हाजीनं "आपको भी" म्हणायचं झालं तर पुढे 'नसीब' हवं: "अल्लाह आपको भी नसीब करे." आणि तुम्हाला कोणी असं म्हटलं की तुम्ही "आमीन".

मुबारकच्या पुढची पायरी म्हणजे "अल्लाह आपका हज क़ुबूल फ़रमाए." हे वाक्य नीट बघा. आपण माणसाला आदरानं 'आप' म्हणतोय, पण क्रियापद देवाचं आहे, म्हणून 'करे'च्या जागी 'फ़रमाए'. मामू-मुमानींना 'तुम' म्हणू नका. "तुम्हारा हज" हे मराठीतल्या 'तुमचा हज'चं सरळ रूप वाटतं आणि तिथेच पाय घसरतो. मराठीतलं आदराचं 'तुम्ही' म्हणजे उर्दूतलं 'आप'. उर्दूतलं 'तुम' हे बरोबरीच्याला किंवा धाकट्याला.

उत्तरादाखल मामू कदाचित "अल्लाह आपको भी अपने घर बुलाए" म्हणतील. उर्दूत हजला 'बुलावा' मानतात. माणूस जात नाही, त्याला बोलावणं येतं. म्हणून "आप हज पे कब गए थे?" यापेक्षा "आपका बुलावा आ गया, माशाअल्लाह" हे कानाला गोड लागतं. मामूंनी अजून बारीक उर्दूत "हाज़िरी नसीब फ़रमाए" म्हटलं तर हाज़िरी म्हणजे तिथली उपस्थिती, आपली शाळेतली हजेरी नव्हे. शब्द मात्र तोच.

यानंतर दुआ मागायची. हाजीला आपल्यासाठी दुआ करायला सांगणं ही सर्वदूर रीत आहे. घरात पाऊल टाकण्याआधीच मागावं, असंही पुष्कळ जण मानतात. त्याला आधार म्हणून एक हदीस सांगतात: हाजी भेटला की सलाम करा, हात मिळवा आणि तो घरात शिरायच्या आत त्याला तुमच्यासाठी माफी मागायला सांगा, कारण त्याला माफी मिळालेली आहे. अभ्यासक ही हदीस कमकुवत मानतात. म्हणून दोन बॅगा हातात घेऊन थकून उभ्या असलेल्या मुमानींना उंबरठ्यावर अडवायचं कारण नाही. पाणी पिऊन झाल्यावर विचारलं तरी रीत मोडत नाही.

उर्दूत मागायचं असं: "हमारे लिए भी दुआ फ़रमाइए." किंवा, तिकडची आठवण काढत: "हमारे लिए दुआ की थी?" यावर ठरलेलं उत्तर येतं: "नाम ले-लेकर की." दुआ स्त्रीलिंगी आहे, म्हणून 'की'. हज आणि उमरा पुल्लिंगी, म्हणून "हज अदा किया". अरबीत भाभीला विचारायचं तर "दऐती-लिना?", म्हणजे आमच्यासाठी दुआ केलीस का? आणि आता कर म्हणायचं तर "इद्ईली". या जागी एक शब्द जन्मभर लक्षात ठेवा. अरबीत 'दुआ' पुढे 'ल' लावला की कोणासाठी तरी मागणं होतं आणि 'अला' लावला की कोणावर तरी शाप. मराठीतला 'माझ्यावर' शब्दशः उचलून "इद्ई अलय्य" म्हटलात तर तुम्ही हाजीकडे स्वतःसाठी शिव्याशाप मागितलेत. मी हे प्रत्यक्ष ऐकलंय. बोलणारा गंभीर होता आणि हाजीला हसू आवरत नव्हतं.

आता तुमचं दार डोळ्यांसमोर आणा. मामू पुढे आहेत, त्यांच्या मागे मुमानी, आणि शेवटी पिशवी सांभाळत भाभी.

मामू: अस्सलामु अलैकुम.

तुम्ही: व अलैकुमुस्सलाम. मामूजान, हज मुबारक हो. अल्लाह क़ुबूल फ़रमाए.

मामू: आमीन. ख़ैर मुबारक, बेटी. अल्लाह तुम्हें भी बुलाए.

तुम्ही: आमीन.

इथे मामू तुम्हाला 'तुम' म्हणतात ते बरोबरच आहे, तुम्ही लहान. मग मुमानींच्या गळ्यात पडा. तिथे शब्द कमी पडले तरी चालतं. थोड्या वेळानं: "मुमानी, हमारे लिए दुआ की थी?" त्या म्हणतील, "नाम ले-लेकर." मग भाभी.

तुम्ही: हम्दिल्ला अस्सलामा.

भाभी: अल्लाह यिसल्लिमिक, हबीब्ती.

तुम्ही: हग्ग मबरूर व ज़ंब मग़फ़ूर.

भाभी: अल्लाह यिबारिक फ़ीकी. उ'बालिक, या रब.

तुम्ही: आमीन.

भाभीपाशी मी 'हज्ज'चं 'हग्ग' केलंय आणि मधला सअयचा तुकडा गाळलाय. इजिप्तमध्ये ज चा ग होतो, आणि तिकडे हे वाक्य बऱ्याचदा असंच दोन तुकड्यांत म्हणतात. तुम्ही 'हज्ज' म्हणून तिन्ही तुकडे म्हटले तरी तिला एक शब्दही अडणार नाही. पण 'हग्ग' ऐकून तिचा चेहरा जो खुलेल तो खुलेल.

सलाम झाल्यावर मामू पुटपुटताना दिसले, "आयिबून, ताइबून, आबिदून, लिरब्बिना हामिदून", तर ते तुम्हाला काही सांगत नाहीयेत. परतणाऱ्या प्रवाशानं म्हणायची ती दुआ आहे: आम्ही परतणारे, पश्चात्ताप करणारे, उपासना करणारे, आमच्या पालनकर्त्याची स्तुती करणारे. ती त्याची त्यानं म्हणायची. तुम्ही उत्तर शोधत बसू नका.

हे सगळं हजचं झालं. हज जिलहिजच्या 8 ते 13 या तारखांतच होतो. एरवी वर्षभरात कोणी मक्केहून परत आलं तर तो उमरा. त्यांना "उमरा मुबारक" आणि अरबीत "उमरा मक़बूला" म्हणा, 'हज्ज मबरूर' नको. उमरा करून आलेल्याला हाजीही म्हणत नाहीत. कोणी करबला-नजफची ज़ियारत करून आलं असेल तर अरबीत "ज़ियारा मक़बूला", उर्दूत "ज़ियारत क़ुबूल हो".

आणि प्रवासात कोणी दगावलं असेल, असंही होतं, तर मुबारक अजिबात नको. तेव्हा आधी "इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन", आणि परतलेल्यांना फक्त "अल्लाह क़ुबूल फ़रमाए".

राहिली हाक. उर्दूत मामू आता 'हाजी साहब' आणि मुमानी 'हज्जन'. घरातल्यांनी एकदा हौसेनं म्हणावं आणि पुन्हा मामू-मुमानीवर यावं, नाहीतर ते परके वाटायला लागतात. भाभीला मात्र पहिल्या दिवशी "या हग्गा" म्हणून बघाच. इजिप्तमध्ये ही हाक कुठल्याही वयस्कर बाईला मारतात, हजला गेलेली असो वा नसो. त्यामुळे ती आधी दोन्ही हात कमरेवर ठेवेल आणि मग हसेल.